प्लाय घेताना: दर्जा गोंदात, आयुष्य कडेत

स्वयंपाकघरातलं कपाट बिघडायला सुरुवात होते ती बहुधा सिंकखालून. तळाची कड फुगते, सनमाइका एका रेषेत सुटू लागतो, बिजागरीचे स्क्रू सैल होतात. म्हणून प्लाय निवडताना पाणी कुठे पोचतं, ते आधी पाहावं.

बाजारातल्या दर्जांमधला मुख्य फरक थर चिकटवणाऱ्या गोंदाचा आहे. ‘कमर्शियल’ म्हणजे एमआर प्लायमध्ये साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तो हवेतला दमटपणा सोसतो, पण वारंवार भिजला की थर सुटतात. बीडब्ल्यूआर प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्याच्या तुकड्यांची चाचणी 8 तास उकळून होते. आयएस 710 मानकाच्या मरीन प्लायची, म्हणजे बाजारातल्या बीडब्ल्यूपीची, चाचणी 72 तासांची असते. त्याचं लाकूडही निवडक आणि कीड-बुरशीविरुद्ध प्रक्रिया केलेलं असतं.

मग सगळं घर मरीनमध्ये करायचं का? गरज नाही. 36 इंच रुंद, 24 इंच खोल आणि 30 इंच उंच असं सिंकचं कपाट घ्या. 18 मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चारच्या एकाच शीटमध्ये दोन बाजू, तळ आणि दोन्ही शटर बसतात. एवढं मरीनमध्ये करावं. ओट्याखालच्या बाकीच्या कपाटांना बीडब्ल्यूआर पुरतो. कोरड्या खोलीतल्या वॉर्डरोबला एमआर चालतो. मात्र ते बाथरूमच्या किंवा पावसात ओल धरणाऱ्या भिंतीला लागून असेल, तर तिथेही बीडब्ल्यूआरच घ्यावा.

शीटवर नुसता ‘710’ हा आकडा छापलेला पाहून समाधान मानू नका. आयएसआय चिन्ह आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते कापलेल्या कडेकडे. करवत फिरली की लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि पाणी तिथून आत ओढलं जातं. मरीनचा गोंद टिकला, तरी लाकूड फुगतं. म्हणून जोडणीआधी प्रत्येक कड घासून, धूळ पुसून तिच्यावर पीयू सीलर किंवा इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा वर थर धरतो. दिसणाऱ्या कडांवर मग पट्टी चिकटवावी. पाइपासाठी पाडलेली भोकं आणि भिंतीकडच्या, न दिसणाऱ्या कडाही सोडू नयेत. कपाट पीव्हीसीच्या पायांवर उचललं, तर फरशी धुताना तळ भिजत नाही.

सुताराशी दर ठरवतानाच ‘सगळ्या कडा सील करून’ हे कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि कपाट भिंतीला लागण्यापूर्वी त्या स्वतः तपासा.