दिलेली परवानगी तासाभरात जाते कुठे?

समजा, एका कंपनीत हेल्पडेस्कला लेखा विभागातल्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून द्यायचा अधिकार आहे. बाकी कोणाची अडचण येत नाही, पण स्नेहलचा पासवर्ड बदलायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. सिस्टिम ॲडमिन तिचं खातं उघडून त्यात हेल्पडेस्कला वेगळी परवानगी देतो आणि काम होतं. जेवून येऊन बघतो, तर परवानगी गायब. पुन्हा देतो, पुन्हा जाते. आधी व्हायरसचा संशय येतो, मग सहकाऱ्याचा. पण ती परवानगी खुद्द मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी काढत असते, आणि तिच्याकडे त्याचं सबळ कारण असतं.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या खात्यांची, गटांची आणि संगणकांची मध्यवर्ती नोंदवही. यातल्या प्रत्येक खात्याला परवानग्यांची एक यादी चिकटलेली असते: हे खातं कोण वाचू शकतं, कोण बदलू शकतं, कोण त्याचा पासवर्ड नव्याने ठरवू शकतं. दर खात्यावर हे लिहीत बसायला नको म्हणून विभागाच्या फोल्डरवर एकदाच परवानगी देतात आणि ती आतल्या खात्यांना आपोआप लागू होते. हेल्पडेस्कचा अधिकार असाच आलेला असतो.

आता याच फोल्डरमध्ये डोमेन ॲडमिनचं खातं असेल तर? हेल्पडेस्कमधला कोणीही त्याचा पासवर्ड बदलून, त्याच्या नावाने लॉगिन करून साऱ्या कंपनीचा मालक होऊ शकेल. हा रस्ता बंद करण्यासाठी डिरेक्टरीत AdminSDHolder नावाची एक नोंद ठेवलेली आहे. तिच्यावरची परवानग्यांची यादी हा मोठे अधिकार असलेल्या सगळ्या खात्यांसाठीचा नमुना. पीडीसी एम्युलेटर ही भूमिका सांभाळणाऱ्या सर्व्हरवर दर 60 मिनिटांनी एक काम चालतं. संरक्षित गटांतलं प्रत्येक खातं आणि ते गटही ते तपासतं, यादी नमुन्याशी जुळली नाही तर नमुना तिच्यावर उतरवतं, फोल्डरकडून येणाऱ्या परवानग्या तोडतं आणि खात्यावर adminCount या रकान्यात 1 लिहितं. हा तास आपण बदल केल्यापासून मोजला जात नाही. म्हणून परवानगी कधी पन्नास मिनिटं टिकते, कधी पाच, आणि गोंधळ आणखी वाढतो.

पण लेखा विभागातली स्नेहल यात आली कशी? कोणीतरी कधीतरी विभागातला प्रिंटर सांभाळायला तिला एका गटात घातलं होतं आणि तो गट प्रिंट ऑपरेटर्स या गटाच्या आत होता. नाव साधं वाटतं, पण या गटातल्या माणसाला मुळात डोमेन कंट्रोलरवर थेट लॉगिन करता येतं, तिथे ड्रायव्हर चढवता येतो. म्हणून तोही संरक्षित आहे, आणि गटातल्या गटातून आलेलं सदस्यत्वही धरलं जातं. अशी सगळी खाती एका ओळीत दिसतात:

```
Get-ADUser -LDAPFilter "(adminCount=1)"
```

उपाय सदस्यत्वापासून सुरू होतो. स्नेहलला त्या गटातून काढायचं. मात्र इथे बरेच जण फसतात, कारण गटातून काढल्यावर डिरेक्टरी मागचं आवरत नाही. adminCount मध्ये 1 तसाच राहतो आणि तोडलेल्या परवानग्या तोडलेल्याच राहतात. ‘गटातून काढलं तरी हेल्पडेस्कला जमत नाही’ ही तक्रार इथूनच येते. तो रकाना रिकामा करून खात्याच्या सिक्युरिटी टॅबमध्ये इनहेरिटन्स हाताने पुन्हा चालू करावा लागतो. सदस्यत्व न काढता हे केलं, तर पुढच्या फेरीत सगळं जैसे थे. आणि एखाद्याला मोठे अधिकार खरोखरच हवे असतील, तर त्यासाठी वेगळं खातं द्यावं आणि रोजच्या कामाचं खातं या गटांबाहेर ठेवावं.

वैतागलेला माणूस एक आडवाट शोधतो. तो हेल्पडेस्कची परवानगी थेट AdminSDHolder वरच देतो. ती टिकते, कारण आता नमुनाच बदलला. पण तासाभरात ती प्रत्येक डोमेन ॲडमिनच्या खात्यावर उतरते आणि जो रस्ता बंद करायचा होता तोच सताड उघडतो. हे कृपा करून करू नका. घुसखोरांनाही ही जागा ठाऊक आहे. एकदा ॲडमिनचे अधिकार हाती लागले की ते या नमुन्यात आपलं एक खातं घालून ठेवतात. ॲडमिनच्या खात्यांवरून त्याचं नाव कितीही वेळा पुसा, पुढच्या तासाला डिरेक्टरी ते इमानेइतबारे परत आणते. त्यामुळे परवानगी सारखी जात असेल तर सदस्यत्व तपासावं, आणि नको ती परवानगी सारखी परत येत असेल तर ही यादी वाचावी (कंपनीच्या डोमेनचं नाव घालून):

```
dsacls "CN=AdminSDHolder,CN=System,DC=company,DC=local"
```