शेपटाकडे साचणारा फॉस्फरस

चिपसाठी लागणारी सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, एकाच अखंड स्फटिकातून कापलेली असते. क्वार्ट्झच्या मुशीत सिलिकॉन सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळवतात, त्याला बीजस्फटिक टेकवतात आणि फिरवत फिरवत सावकाश वर ओढतात.

तप्त रसाला टेकताच बीजाच्या अणुरचनेत दोष उपजतात. म्हणून आधी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची मान ओढतात. दोष तिरके सरकत तिच्या पृष्ठभागाशी संपतात. मगच कांडी रुंदावतात. दोष राहिला, तर लोखंड-तांब्याचे अणू तिथे जमतात आणि ट्रान्झिस्टरमधून वीज गळते. कांडीवरच्या उभ्या कडा मध्येच पुसट झाल्या, की स्फटिक बिघडला असे समजायचे.

दुसरी अडचण मिसळीची. वीजवहनासाठी घातलेला फॉस्फरस गोठताना स्फटिकात पुरता शिरत नाही. रसात त्याचे प्रमाण १०० असेल, तर स्फटिकात ३५च येते. उरलेला रसातच साचत जातो. नव्वद टक्के रस गोठेपर्यंत कांडीतले प्रमाण सुरुवातीच्या सुमारे साडेचारपट होते. बोरॉनचे १०० पैकी ८० येते, म्हणून तिथे वाढ दीडपटीच्या जरा वर. त्यामुळे कांडीचा विद्युतरोध ठिकठिकाणी मोजतात आणि मर्यादेबाहेर गेलेला शेपटाकडचा भाग कापून टाकतात.