बारा आणि सोळा: दोन उताऱ्यांमधला नेमका वाद

परस्परविरोधी मतांचे दोन उतारे शेजारी ठेवून प्रश्न विचारले की बहुतेक विद्यार्थी आधी बाजू ठरवतात: हा लेखक बाजूने, तो विरोधात. माझ्या मते चुकीची सुरुवात इथेच होते. दोन लेखकांचे कोणत्या मुद्द्यापर्यंत एकमत आहे, हे ठरवल्याशिवाय ते कुठे वेगळे होतात हे कळत नाही आणि प्रश्न तर नेमका त्या जागेवर विचारलेला असतो. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद घेऊ. विवाहित मुलीच्याही बाबतीत समागमासाठी संमतीचे वय 10 वरून 12 करणारा हा कायदा. लोकमान्य टिळकांनी त्याला विरोध केला, ‘सुधारक’कार आगरकरांनी पाठिंबा दिला. त्यांच्या भूमिकांवरून सरावासाठी दोन उतारे रचले, तर पहिल्याचा आशय असा होईल: बालविवाहाची चाल सुटायला हवी, पण ती समाजाने स्वतः सोडावी. परक्या सरकारला घरात शिरू देऊ नये. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी मुलीचे लग्न सोळा वर्षांआधी करणार नाही, अशी प्रतिज्ञा करावी. (अशी सूचना टिळकांनी 1890 मध्ये खरोखरच मांडली होती.) दुसऱ्याचा आशय: समाजाचे मन वळेपर्यंत ज्या मुलींना इजा होते त्यांना बोलण्याची सोय नाही. 1829 मध्ये सतीबंदी कायद्यानेच झाली आणि त्याने धर्म बुडाला नाही. म्हणून इथेही कायदा हवा.

पहिला उतारा संपताच दुसऱ्याकडे धावू नये. आधी लेखकाचा दावा आणि त्याचे कारण एका ओळीत लिहावे: ‘सुधारणा आतून व्हावी, कारण परक्या सत्तेला तो अधिकार नाही.’ मग दुसऱ्याचे: ‘कायदा हवा, कारण जिला सोसावे लागते तिला वाट पाहायला सांगता येत नाही.’ या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसते, बालविवाह चांगला असे कोणीच म्हणत नाही. भांडण आहे ते बदल कोणी घडवायचा आणि किती थांबायचे यावर. ‘पहिला लेखक रूढीचा समर्थक आहे’ हा पर्याय इथेच गळतो. टिळकांविषयी आधीपासून ऐकलेले डोक्यात असलेला वाचक मात्र नेमका तोच निवडतो, कारण तो समोरच्या उताऱ्याऐवजी आठवणीतून उत्तर देत असतो.

आता प्रश्न: प्रतिज्ञेच्या सूचनेवर दुसरा लेखक काय म्हणेल? पर्याय चार. ती ढोंगी आहे. कायद्यातच वय सोळा करावे. प्रतिज्ञा न करणाऱ्याच्या घरातल्या मुलीला तिचा उपयोग नाही. समाज हळूहळू बदलतो, म्हणून दोन्ही मार्ग सारखेच योग्य. पहिला पर्याय सुराने जास्त कडक आहे. दुसऱ्या लेखकाने कोणाच्या हेतूवर बोट ठेवलेले नाही. दुसरा सर्वांत फसवा, कारण त्यातले ‘कायदा’ आणि ‘सोळा’ हे दोन्ही शब्द उताऱ्यांत आहेत, पण एक याच्याकडून आणि एक त्याच्याकडून घेऊन जोडले आहेत. चौथा दोघांच्या मधोमध बसतो आणि दोघांनाही नको असतो. उरतो तिसरा. तो दुसऱ्या उताऱ्यात शब्दशः नाही, तरी ‘बोलण्याची सोय नाही’ या वाक्यावरून एका पायरीत तिथे पोहोचता येते. दोन पायऱ्या लागत असतील, किंवा बोट ठेवायला एकही वाक्य सापडत नसेल, तर ते उत्तर आपले असते, लेखकाचे नव्हे.

यावर आक्षेप असा येतो की परीक्षेत एवढा वेळ नसतो. पण त्या दोन ओळी लिहायला लागतात त्याहून अधिक मिनिटे पर्यायांमध्ये घुटमळून आणि उतारे पुन्हा पुन्हा चाळून जातात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संदर्भ बाजूला ठेवून वाचणे म्हणजे इतिहासाची उपेक्षा नव्हे का? पर्याय निवडायचा असेल तेव्हा ज्ञान थांबवून धरावेच लागते, कारण तिथे लेखकाचे म्हणणे विचारलेले असते. निबंधवजा प्रश्नात मात्र दोन्ही उतारे पुरावा म्हणून वापरून स्वतःचे मत मांडायचे असते, आणि तिथे ते ज्ञान उपयोगी पडते. तरी ‘दोघांचेही थोडे थोडे खरे’ असे लिहिल्याने समन्वय होत नाही. या प्रकरणात तो आकड्यांतूनच सापडतो. कायद्याचे बारा ही खालची मर्यादा आहे; ती मोडणाऱ्याला शिक्षा द्यायची आहे. प्रतिज्ञेचे सोळा हे स्वेच्छेने गाठायचे वय आहे. तिथे शिक्षेचा प्रश्नच येत नाही. एक इजा थांबवण्यापुरते, दुसरे चाल बदलण्यासाठी. म्हणजे कायदा झाल्याने प्रतिज्ञा रद्द होत नाही आणि प्रतिज्ञा केल्याने कायद्याची गरज संपत नाही. हे विधान दोन्ही उताऱ्यांत कुठेच नाही, पण त्यातला प्रत्येक तुकडा कोणत्या उताऱ्यातून आला ते दाखवता येते.