पावतीत लपलेला कर

समजा, छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरच्या एका दुकानातून तुमच्या घरी टेबलफॅन आणला. पावतीवर एकच आकडा आहे : एकूण रु. २,३६०, सर्व करांसह. पंख्यावर वस्तू व सेवा कर शेकडा १८ आहे. मग पंख्याची मूळ किंमत किती आणि कर किती?

पुष्कळ जण चटकन २,३६० चे शेकडा १८ काढतात. ते येतात ४२४ रुपये ८० पैसे. ते वजा केले की मूळ किंमत १,९३५ रुपये २० पैसे उरते. आता या उत्तराची परीक्षा घ्या. १,९३५.२० वर शेकडा १८ कर ३४८ रुपये ३४ पैसे होतो. दोन्हींची बेरीज २,२८३ रुपये ५४ पैसे भरते. २,३६० येत नाही! मग चूक कोठे झाली?

कर मूळ किमतीवर बसतो, एकूण रकमेवर नाही. मूळ किमतीचे १०० भाग केले तर कराचे १८ भाग, म्हणजे पावतीवरची रक्कम ११८ भागांची. एक भाग काढण्यासाठी २,३६० ला ११८ ने भागा, उत्तर २०. म्हणून मूळ किंमत २० × १०० = २,००० रुपये आणि कर २० × १८ = ३६० रुपये. बेरीज करून पाहा, ती बरोबर २,३६० येते.

हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा, शेकडा ९ व ९ असा वाटला जातो. येथे दुसरा खड्डा आहे. केंद्राचा वाटा काढताना कोणी १०९ ने भागतो. ते चूक आहे. पावतीच्या रकमेत दोन्ही वाटे आहेत, म्हणून छेद ११८ च राहतो : २,३६० × ९ ÷ ११८ = १८०. केंद्राच्या करासंबंधीच्या २०१७ च्या नियमावलीतील ३५ वा नियम हेच सांगतो.

कर शेकडा ५ असेल तर एकूण भाग १०५, त्यांपैकी कराचे ५. म्हणजे कर हा एकूण रकमेचा बरोबर एकविसावा हिस्सा! ही युक्ती तोंडी हिशेबाला सोयीची आहे.

परंतु करदरच ठाऊक नसेल तर? तेव्हा माहिती एक आणि अज्ञात राशी दोन, म्हणून नुसत्या एकूण रकमेवरून उत्तर निघत नाही. कधीकधी मात्र आकडाच काही सांगून जातो. पादत्राणांचे उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका जोडाची करापूर्वीची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर शेकडा ५, त्याहून अधिक असेल तर शेकडा १८.

पावतीवर बुटांसाठी २,८०० रुपये लिहिले आहेत. दर ५ धरला तर मूळ किंमत २,८०० ÷ १.०५, म्हणजे सुमारे २,६६६ रुपये ६७ पैसे. ही २,५०० च्या वर गेली, तेव्हा ५ चा दर लागू नाही. बरे, दर १८ धरू. २,८०० ÷ १.१८ म्हणजे सुमारे २,३७२ रुपये ८८ पैसे. ही २,५०० च्या आत आली, तेव्हा १८ चाही दर लागू नाही! कोणताच दर बसत नाही.

याचे कारण सोपे आहे. मूळ किंमत २,५०० असताना करासह रक्कम २,६२५ होते. किंमत एका पैशाने वाढली की नवा दर लागतो आणि रक्कम एकदम २,९५० च्या पुढे उडी घेते. म्हणून करासह २,६२५ च्या वर व २,९५० पर्यंत एका जोडाची रास्त किंमत असूच शकत नाही. २,८०० ची पावती दिसली तर ती दोन जोडांची आहे का, हे विचारा. चौदा-चौदाशेचे दोन जोड असतील तर दर ५ चा, आणि कर २,८०० ÷ २१ म्हणजे सुमारे १३३ रुपये ३३ पैसे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. करासाठी नोंदणी नसलेला छोटा दुकानदार गिऱ्हाईकाकडून हा कर घेऊ शकत नाही. विक्रीवर ठोक दराने स्वतः कर भरण्याची सवलत घेतलेल्या नोंदणीकृत दुकानदारालाही तो घेता येत नाही. अशा पावतीतून आपल्या रीतीने कर 'काढला' तर आकडा येईल, पण तो खोटा असेल. म्हणून भागाकार करण्याआधी पावतीवर दुकानाचा पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक आहे का आणि दुकानदार त्या सवलतीतला असल्याची ओळ छापली आहे का, हे पाहा. आता घरातली एखादी पावती घ्या, कर काढा आणि शेवटी बेरीज करून ताळा पाहायला विसरू नका.