पल्सारच्या ठोक्यांतला फरक

जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून गुरुत्वीय लहरींवरचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणं होती, आणि लेखकांच्या लांबलचक यादीत पीएच.डी. करणारे विद्यार्थीही होते. अशा वेळी घरचे विचारतात, “मग तुम्हाला सापडलं काय?” त्याचं सरळ उत्तर देता येतं.

पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिशय घट्ट, गरगर फिरणारा गाभा. काही पल्सार सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका पृथ्वीवर पोचतो. पुढचा ठोका कधी येणार हे आधीच सांगता येतं, इतके ते नेमके असतात. या गटाने २५ पल्सारांचे ठोके तपासले. काहींच्या नोंदी २५ वर्षांपर्यंतच्या होत्या. ठोके सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशाने मागेपुढे होत होते.

आता हा फरक कशामुळे, हा खरा प्रश्न. आपलं घड्याळ चुकलं असतं, तर सगळ्याच पल्सारांत सारखा फरक दिसला असता. गुरुत्वीय लहर मात्र अवकाशालाच ताणते आणि आवळते, म्हणून तिची खूण वेगळी असते. आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दोन पल्सारांचे ठोके एकाच बाजूला सरकतात, साधारण काटकोनात असलेल्यांचे किंचित उलट, आणि अगदी समोरासमोर असलेल्यांचे पुन्हा काहीसे एकसारखे. हा आराखडा हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच मांडला होता. पल्सारांच्या जोड्या लावल्यावर त्याच्याशी जुळणारा कल दिसला. अशा एका लहरीला पृथ्वीवरून जायला कित्येक वर्षं लागतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरताना त्या उठत असाव्यात, असा अंदाज आहे.

जीएमआरटीचं महत्त्व इथे कळतं. ताऱ्यांमधल्या जागेतले इलेक्ट्रॉन ठोक्यांना उशीर करतात, आणि वारंवारता निम्मी केली की हा उशीर चौपट होतो. कमी वारंवारतेवर तो ठळक दिसतो, म्हणून मोजून वजा करता येतो. तसं केलं नाही, तर हाच उशीर लहरीची खूण वाटू शकतो.

पण एक गोष्ट घरच्यांनाही सांगायलाच हवी. पूर्ण २५ वर्षांच्या नोंदींत ही खूण फिकी होती. अलीकडच्या सुमारे १० वर्षांच्या, आधुनिक यंत्रांनी घेतलेल्या नोंदींत ती स्पष्ट झाली. जुनी यंत्रं वारंवारतेचा अरुंद पट्टाच टिपत, हे त्यामागचं एक संभाव्य कारण आहे. स्पष्ट नोंदींतही निव्वळ योगायोगाने असा कल दिसण्याची शक्यता हजारात सुमारे एक होती. पक्का शोध म्हणायला भौतिकशास्त्रात ती साधारण ३५ लाखांत एक इतकी कमी असावी लागते. म्हणून ‘गुरुत्वीय लहरींच्या गुंजनाचा भक्कम पुरावा मिळाला’ एवढंच म्हणावं, ‘शोध लागला’ असं अजून म्हणू नये.