देखणा आरोपी आणि शिक्षेचे माप

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाबाहेर किंवा कल्याणच्या कोर्टाच्या आवारात, पुकारा होण्याची वाट पाहत ताटकळलेल्या पक्षकारांच्या घोळक्यात, पोलिसांच्या गाडीतून उतरणाऱ्या एखाद्या नीटस तरुणाकडे बोट करून “याच्या तोंडावरून वाटतं का हो, असं काही केलं असेल?” असे कुणी म्हणताना ज्याने ऐकले नाही, असा मनुष्य विरळाच. या उद्गारामागे एक जुनी आणि घट्ट समजूत आहे : रूपवान आरोपी न्यायासनासमोर उभा राहिला की न्याय करणाऱ्याचे मन विरघळते, आणि कुरूपाला मात्र त्याच अपराधाबद्दल दुप्पट भोगावे लागते. दाखला मागितला तर वयस्क मंडळी हटकून नानावटीचे नाव घेतात. समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ज्या प्रकारच्या खटल्यांत ती खरी ठरते असे लोक मानतात तेथे ती लंगडी पडते, आणि ज्या क्षुल्लक कज्ज्यांत ती खरी असण्याचा संभव अधिक, तिकडे सहसा कोणी ढुंकून पाहत नाही.

प्रथम नानावटीचाच विचार करू. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला मुंबईत त्याच्या राहत्या घरी गोळ्या घातल्या आणि स्वतः जाऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. शुभ्र गणवेशातील तो उंचापुरा, देखणा अधिकारी सत्र न्यायालयात येऊ लागला तेव्हा गर्दी लोटली, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्याची बाजू उचलून धरली, आणि नऊ ज्यूरींपैकी आठांनी तो निर्दोष असल्याचा कौल दिला. लोकस्मृतीतील कथा येथेच थांबते. न्यायालयाच्या दप्तरातील कथा येथे जेमतेम सुरू होते. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल मान्य झाला नाही, कारण समोर आलेल्या पुराव्यावरून कोणत्याही समंजस ज्यूरीने असा निर्णय दिला नसता असे त्यांचे मत पडले, आणि तत्कालीन फौजदारी संहितेच्या कलम ३०७ चा आधार घेऊन त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. उच्च न्यायालयाने खुनाचा आरोप शाबीत धरून जन्मठेप सुनावली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या वरिष्ठ न्यायालयांनी कशाकडे पाहिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वाद होता तो हेतुपूर्वक खून आणि तीव्र व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात घडलेला मनुष्यवध यांमधील सीमारेषेचा. पत्नीने कबुली दिल्यानंतर नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घराबाहेर पडले, पत्नीला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, आणि सुमारे चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या सुटल्या; हा अवधी मनाचा तोल सावरण्यास पुरेसा होता, असे न्यायालयाने ठरवले. दोघांत झटापट झाली असे म्हणावे, तर स्नान करून नुकताच बाहेर आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हललाही नव्हता. घड्याळातील तास-मिनिटे आणि एक टॉवेल यांच्यापुढे गणवेशाचा रुबाब टिकला नाही. पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पण ती माफी राज्यकर्त्यांच्या अधिकारातील होती, तिला न्यायनिर्णय म्हणता येणार नाही. शिवाय ज्यूरीच्या मनावर रूपाचा प्रभाव किती, नौदलाच्या प्रतिष्ठेचा किती, वृत्तपत्राच्या कोलाहलाचा किती आणि “नवऱ्याने दुसरे काय करायचे” या सार्वत्रिक सहानुभूतीचा किती, हे वेगवेगळे करून दाखवणे कोणालाही शक्य नाही. एका खटल्यावरून रूपाचा सिद्धांत उभारता येत नाही, तो याच कारणाने.

हे पृथक्करण करण्याचा उपाय मानसशास्त्रज्ञांनी योजला तो असा, की खटला एकच ठेवावा आणि चेहरा तेवढा बदलावा. १९७५ साली हॅरॉल्ड सिगॉल व नॅन्सी ऑस्ट्रोव्ह यांनी अमेरिकेत १२० विद्यार्थ्यांना एका कल्पित स्त्री-आरोपीची हकीकत वाचावयास दिली. काहींच्या कागदाला सुंदर स्त्रीचे छायाचित्र जोडलेले होते, काहींच्या कागदाला कुरूप स्त्रीचे, आणि काहींच्या कागदाला कोणतेच नव्हते. निम्म्यांच्या हकीकतीत तिने शेजाऱ्याच्या घरात शिरून घरफोडी केली होती. उरलेल्यांच्या हकीकतीत एका मध्यमवयीन अविवाहित गृहस्थाशी गोडीगुलाबी करून, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीत पैसे गुंतवावयास लावून त्याला गंडवले होते. किती वर्षे कैद द्यावी, एवढेच विद्यार्थ्यांनी ठरवावयाचे होते.

घरफोडीबद्दल सुंदर आरोपीला सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपास शिक्षा सुचवली गेली, कुरूप आरोपीला सव्वापाच वर्षांच्या आसपास. येथपर्यंत लोकसमजुतीचा विजयच म्हणावयाचा. पण फसवणुकीत पारडे उलट झुकले : सुंदर आरोपीला साडेपाच वर्षांच्या जवळपास, कुरूप आरोपीला साडेचारांच्या आत. हा दुसरा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका मोठा नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु सौंदर्याने मिळवलेली सवलत तेथे समूळ नाहीशी झाली, हे निर्विवाद. ज्या गुन्ह्यात रूप हेच हत्यार म्हणून वापरले गेल्याचा संशय येतो, तेथे रूपाची कणव कोणाला येत नाही. आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे, तिच्याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. छायाचित्र नसलेल्या घरफोडीच्या कागदावरही शिक्षा पाच वर्षांच्या पुढेच होती. म्हणजे कुरूपाला जादा दंड बसत नव्हता, सुंदरीला सूट मिळत होती. लोक म्हणतात त्याच्या हे जवळजवळ विपरीत आहे.

तथापि कागदावर शिक्षा ठरवणारा विद्यार्थी म्हणजे न्यायाधीश नव्हे. त्याच्यासमोर साक्षीदार नाहीत, वकिलांचा युक्तिवाद नाही, आणि चुकीबद्दल वरिष्ठ न्यायालयाचे ताशेरे झेलण्याची भीतीही नाही. १९९४ साली मॅझेला आणि फाइनगोल्ड या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले तेव्हा रूपाचा परिणाम आढळला खरा, पण तो बेताचाच. आणि तोही गुन्ह्यागणिक बदलणारा, इतका की निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसारख्या प्रकरणांत देखणेपण आरोपीच्या अंगाशीच येत होते.

म्हणून प्रत्यक्ष कोर्टात जाऊन बसलेल्यांचे म्हणणे अधिक मोलाचे. जॉन स्ट्यूअर्ट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पेनसिल्व्हेनियातील न्यायालयांत निरीक्षक बसवून ७४ आरोपींच्या रूपाला गुण देवविले आणि मग निकालांशी ताडून पाहिले. देखण्यांना शिक्षा सौम्य झाल्याचे आढळले. परंतु आरोपी दोषी ठरतो की सुटतो, याच्याशी रूपाचा संबंध दिसला नाही. “देखणा होता म्हणून सुटला” आणि “देखणा होता म्हणून थोडक्यात सुटला” या दोन वाक्यांत महदंतर आहे, आणि जे काही पुरावे आहेत ते दुसऱ्या वाक्याच्या बाजूचे आहेत. येथेही सावधपणा हवा. नीटनेटका, आकर्षक दिसणारा आरोपी पुष्कळदा सुस्थितीतला असतो, त्याला बरा वकील परवडतो, तो जामिनावर सुटून घरून जेवून, दाढी करून आलेला असतो. तेव्हा निरीक्षकाने चेहऱ्याला म्हणून दिलेल्या गुणांत पैशाचे गुणही मिसळून गेलेले असणे अगदी संभवनीय आहे.

या सर्वांत मला सर्वाधिक विचारप्रवर्तक वाटते ती टेक्सासमधील डाउन्स आणि लायन्स यांची १९९१ ची पाहणी. दोन हजारांहून अधिक आरोपी, चाळीस न्यायाधीश, आणि पाहावयाचे एवढेच की दंडाची वा जामिनाची रक्कम किती ठरली. किरकोळ गुन्ह्यांत रूप जितके कमी तितकी रक्कम अधिक, असे आढळले. गंभीर गुन्ह्यांत मात्र हा संबंध आढळलाच नाही. कारण तर्काने उमगते : गंभीर प्रकरणात पुराव्याचा ढीग असतो, वेळ असतो, दोन्हीकडचे वकील जागे असतात, किरकोळ प्रकरणात आरोपी समोर येतो, मिनिटा-दोन मिनिटांत हुकूम होतो, आणि त्या अल्प अवकाशात न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर चेहऱ्याखेरीज फारसे काही नसते.

आता हा धडा आपल्या भागाला लावून पाहू. आपल्याकडे ज्यूरी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती उरलीसुरली प्रथा मोडीत काढली, आणि त्याच संहितेने दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या प्रमाणाबाबत आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तरतूद कलम २३५ मध्ये आणली, ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही चालू आहे. ठाण्याच्या सत्र न्यायालयात खून शाबीत झाला तर कायद्याने पर्याय दोनच, जन्मठेप किंवा फाशी. जन्मठेपेच्या खाली उतरण्याची मुभा न्यायाधीशाला नाही, मग समोर मदनाचा पुतळा का उभा असेना. शिवाय निकाल सकारण लिहावा लागतो, तो उच्च न्यायालयात तपासला जातो, आणि “आरोपी दिसावयास बरा आहे” हे कारण कोणी लिहीत नाही. मनात असलेले कारण लिहिलेल्या कारणाच्या आड लपू शकते, हे खरे. पण लपण्याची जागा तेथे अरुंद आहे.

ती ऐसपैस आहे ती कल्याणच्या रेल्वे न्यायालयासारख्या ठिकाणी. डोंबिवलीला पूल चढण्याचा कंटाळा करून रूळ ओलांडणारा कारकून, पहिल्या वर्गाच्या डब्यात सापडलेला विद्यार्थी, दारात लोंबकळणारा मजूर : यांना रेल्वे सुरक्षा दलाचे जवान पकडतात आणि दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याने रूळ ओलांडण्याबद्दल ठरवलेली कमाल शिक्षा सहा महिने कैद, किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. या मर्यादेच्या आत किती, हे दंडाधिकाऱ्यांच्या विवेकावर. गुन्हा कबूल का, असे विचारले जाते. बहुतेकांना कामावर पोहोचण्याची घाई असते, ते कबूल म्हणतात, आणि रक्कम सांगितली जाते. कबुली दिल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही, शिक्षेच्या प्रमाणापुरते वा वैधतेपुरतेच चालू शकते. आणि काहीशे रुपयांच्या दंडासाठी वकील लावणारा अशील अजून जन्मावयाचा आहे. टेक्सासच्या पाहणीत फरक दिसला तो नेमक्या अशाच खटल्यांत. इस्त्रीच्या शर्टातील कारकुनाला आणि सिमेंटने माखलेल्या मजुराला त्याच सकाळी, त्याच रुळांबद्दल, एकच रक्कम सांगितली जाते की नाही, हे दंडाच्या पावत्या शेजारीशेजारी ठेवल्याखेरीज कळणार नाही, आणि त्या शेजारीशेजारी ठेवण्याचे कारण कोणालाच पडत नाही.

जामिनाचेही तेच. रकमेचा आकडा ठरतो तेव्हा तपास अपुरा असतो, दोषारोपपत्र आलेले नसते, आणि आरोपी दोन-तीन रात्री कोठडीत काढून, दाढी वाढलेल्या अवस्थेत समोर उभा असतो, किंवा आधारवाडीच्या कारागृहातून पडद्यावर अंधुक दिसत असतो. त्या रकमेचा जामीनदार मिळाला नाही, तर देखण्याला मिळालेली सवलत आणि इतरांना न मिळालेली सवलत यांतील फरक रुपयांत राहत नाही. तो कारागृहात काढलेल्या दिवसांत मोजावा लागतो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपी निर्धन असल्याचे गृहीत धरून त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने आलेली आहे. तिचा उल्लेख करणारा अर्ज मात्र आरोपीच्या वतीने कोणीतरी द्यावा लागतो.