धुराला वाट, आगीला वारा

२८ मार्च १९९४ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, वॉट्स स्ट्रीटवरच्या ६२ नंबरच्या तीन मजली इमारतीच्या धुराड्यातून धूर आणि ठिणग्या येताहेत, असा फोन आला. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू तासाभरापूर्वी बाहेर पडला होता. कचऱ्याची प्लॅस्टिकची पिशवी गॅसच्या शेगडीवर राहिली होती आणि ती शेगडीच्या पायलट ज्योतीने पेटली असावी, असा निष्कर्ष पुढे निघाला.

अग्निशमन दलाने नेहमीची पद्धत धरली. एक तुकडी पेटलेल्या घराच्या दाराशी गेली, दुसरी कुणी अडकलंय का ते पाहायला जिन्याने वरच्या मजल्यावर, आणि काही जण जिन्याच्या डोक्यावरचं झाकण उघडून धुराला वाट करून द्यायला छतावर. खालचं दार फोडलं, तेव्हा आधी कोमट हवेचा एक फुत्कार बाहेर आला. कोमटच, भाजणारा नाही. मग घराने मोठा श्वास आत ओढून घ्यावा तशी बाहेरची हवा दारातून आत खेचली गेली आणि पाठोपाठ दाराच्या वरच्या भागातून ज्वाळा उसळून थेट जिन्यात चढल्या. दाराशी असलेले जवान खाली वाकून ज्वाळांखालून निसटले. वर गेलेले तिघे त्या जिन्यात सापडले आणि तिघांचाही जीव गेला.

हा भडका क्षणात विझला नाही. जिना साडेसहा मिनिटं पेटता राहिला. समोरून कुणीतरी केलेल्या व्हिडिओत ते दिसतं. एका खोलीतल्या वायूचा एकदाच स्फोट झाला असता, तर एवढा वेळ जळायला जिन्यात होतं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे 'निस्ट'ने, संगणकावर ही आग पुन्हा उभी करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला.

इमारत जुनी असली तरी दुरुस्ती करताना थंडीसाठी फटी बुजवून पक्की बंद केलेली होती. आत आग लागली आणि काही मिनिटांतच खोलीतला प्राणवायू संपत आला. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. तो १५च्या आसपास उतरला की ज्वाळा मरगळायला लागतात. इथेही तसंच झालं. आग विझली नाही, पण नुसती धुमसत राहिली. उष्णतेने सामान तापून त्यातून वायू सुटतच होते, पण ते जळायला हवा नव्हती. तासभर घर असं न जळलेल्या इंधनाने भरत गेलं. काळा धूर म्हणजे आगीची राख असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं अजून जळायचं बाकी असतं.

चूल नीट पेटेना की आपण फुंकणी घेतो. दार फोडणं ही त्या घराची फुंकणी ठरली. खाली हवा आत यायला दार, वर बाहेर पडायला जिना. उभ्या जिन्याचं धुराडं झालं. साधा हिशोब असा की, आत गेलेल्या दर किलो हवेमागे आग सुमारे तीन मेगाज्यूल उष्णता देऊ शकते. आत इंधन तुंबलेलं असलं, की किती जळायचं हे उघडलेल्या दाराची रुंदी-उंची ठरवते.

मग छताला भोक पाडून धूर आणि उष्णता वर काढून देण्याची जुनी पद्धत चुकीचीच का? तसं नाही. गरम वायू वर जातात हे खरंच आहे, आणि भोक पाडल्यावर खालचा धूर थोडा वेळ निवळतोही. पण अमेरिकेतल्या यूएल या प्रयोगसंस्थेने मुद्दाम बांधलेली घरं पेटवून पाहिली, तेव्हा आग वाढणारच नाही एवढं मोठं भोक त्यांना एकाही प्रयोगात सापडलं नाही. चार फूट बाय आठ फुटांचंही पुरलं नाही. जेवढा धूर बाहेर जातो, तेवढी नवी हवा खालून येते. आगीवर आधी पाणी पडलेलं असेल तर तेच भोक उत्तम काम करतं, कारण तेव्हा आलेल्या हवेला पेटवायला फारसं काही उरलेलं नसतं. माझ्या मते सगळा वाद भोकाच्या जागेवर घातला जातो, खरी अडचण वेळेची असते.

दाबाच्या पंख्याचंही तसंच. दारापासून काही फुटांवर मोठा पंखा असा ठेवतात की त्याच्या झोताने सगळी चौकट झाकली जावी. घरात बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब तयार होतो आणि धूर ठरवलेल्या खिडकीतून बाहेर ढकलला जातो. ही खिडकी पेटलेल्या खोलीचीच हवी आणि आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी हवी. ती नसेल, किंवा आग नक्की कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर पंखा आग आणि धूर शेजारच्या खोल्यांत, भिंतींच्या पोकळीत घुसवतो. झोत चालू असतानाही दाराच्या वरच्या बाजूने धूर उलटा बाहेर येऊ लागला, तर समजायचं की आगीचा दाब पंख्यावर मात करतोय. त्या वेळी जोर वाढवण्यापेक्षा पंखा बंद करणं शहाणपणाचं.

आत शिरण्यासाठी दार तर उघडावंच लागतं. म्हणून अनेक ठिकाणी आता एका जवानाला दारापाशीच उभं करतात. पाण्याचा पाइप आत गेला की तो दार पाइपाच्या जाडीएवढं उघडं ठेवून बाकीचं ओढून धरतो, आणि आगीवर पाणी पडल्याचा निरोप आतून येईपर्यंत हलत नाही.